आयपी कॉन्फ्लिक्ट सारखा येतोय? दुसरा राउटर बघा

लॅपटॉपवर आयपी कॉन्फ्लिक्टचा मेसेज, एकाच वायफायवर एका फोनला नेट चालू तर दुसऱ्याला बंद. राउटर रिस्टार्ट केला, आयपी रिन्यू केला, तासाभरात परत तेच, डोकं पार उठलं होतं.

कारण असं की रेंज वाढवायला लावलेल्या जुन्या राउटरचं DHCP, म्हणजे आयपी वाटायचं काम, पण चालूच होतं. डिव्हाइस सगळ्या नेटवर्कला विचारतं आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा आयपी घेतं, पण दोन्ही राउटरच्या याद्या वेगळ्या, एकाने काय वाटलं ते दुसऱ्याला माहीतच नाही, म्हणून एकच 192.168.1.100 दोन डिव्हाइसना मिळतो.

खात्री करायला हे चालवा:

```
arp -a
```

192.168.1.1 समोरचा मॅक ॲड्रेस मेन राउटरच्या स्टिकरशी ताडून बघा (शेवटचा एखादा आकडा वेगळा असू शकतो). माझ्याकडे दोन्ही राउटर 192.168.1.1 वरच असल्याने तो कधी एकाचा, कधी दुसऱ्याचा दिसायचा.

आता क्रम महत्त्वाचा. जुना राउटर नेटवर्कमधून काढा, लॅपटॉपचं वायफाय बंद करून केबलने फक्त त्यालाच जोडा. आधी त्याचा LAN आयपी 192.168.1.2 करा, नव्या पत्त्यावर परत लॉगिन करून DHCP बंद करा. मग मेन राउटरची केबल त्याच्या LAN पोर्टमध्येच लावा, WAN मध्ये नको. शेवटी लॅपटॉप परत नेहमीच्या नेटवर्कवर आणून:

```
ipconfig /release
ipconfig /renew
```

फोनचं वायफाय बंद-चालू केलं तरी पुरतं, प्रिंटर मात्र रिस्टार्टच करावा लागला.