बाळ आडवं आहे? शेवटच्या महिन्यात या चुका टाळा

सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ट्रान्सव्हर्स लाय, म्हणजे बाळ पोटात आडवं, असं लिहून आलं की घरात लगेच टेन्शन सुरू होतं, पण तेव्हा बाळाला फिरायला भरपूर जागा असते आणि बरीचशी बाळं 34-36 आठवड्यांपर्यंत आपोआप डोकं खाली करतात. खरी काळजी 37 आठवड्यांनंतरही बाळ आडवंच असेल तर, किंवा आज आडवं, परवा डोकं खाली, पुढच्या तपासणीला परत तिरकं असं चालू असेल तर. या सारख्या बदलण्यालाच अनस्टेबल लाय म्हणतात, आणि लोक सगळ्यात जास्त गाफील राहतात ते इथेच.

पहिली चूक म्हणजे शेवटच्या रिपोर्टवर विसंबून राहणं. "मागच्या आठवड्यात डोकं खाली होतं, आता काही नाही" असं घरचे म्हणतात. अहो, पण जे बाळ दोनदा फिरलंय ते तिसऱ्यांदाही फिरेल ना! आणि ते का फिरतंय ते बघायला हवं. तिसरं-चौथं बाळंतपण असेल तर पोटाचे स्नायू सैल पडलेले असतात, कधी बाळाभोवतीचं पाणी जास्त असतं, कधी वार खाली असते, कधी फायब्रॉइडची गाठ किंवा गर्भपिशवीचा आकारच वेगळा असतो. वार खाली असेल तर आतून तपासणी केल्यावर जोरात ब्लीडिंग होऊ शकतं, म्हणून आधी सोनोग्राफीत वार कुठे आहे ते बघतात आणि मगच हात लावतात.

दुसरी चूक, सुईणीकडून तेल लावून पोट चोळून बाळ "सरळ करून घेणं". डॉक्टरही बाहेरून हाताने बाळ फिरवतात, पण आधी सोनोग्राफी, बाळाचे ठोके मशीनवर, आणि शेजारी ऑपरेशन थिएटर तयार, कारण त्यात वार सुटू शकते आणि ठोके कमी होऊ शकतात. घरी हे झालं तर कळणार कोणाला?

आता मेन गोष्ट. डोकं खाली असलं की ते बुचासारखं पिशवीच्या तोंडाशी बसतं. बाळ आडवं असलं की ती जागा मोकळी, त्यामुळे पाणमोट फुटल्यावर पाण्याच्या लोंढ्याबरोबर नाळ खाली घसरू शकते, ती दाबली गेली की बाळाचा ऑक्सिजन तुटतो, आणि मग हिशोब मिनिटांचा असतो. म्हणूनच डॉक्टर 37-38 आठवड्यांनंतर, कळा नसतानाही, ॲडमिट व्हा म्हणतात. "उगाच बिल वाढवतात" म्हणून घरी जाऊ नका, हॉस्पिटल लांब असेल तर तर नाहीच नाही.

समजा तिसरी खेप आहे, 38 आठवडे झालेत, पाणी जास्त आहे, हॉस्पिटल तासाभरावर, आणि रात्री दोनला अंथरुणातच पाणी गेलं. कळा एकही नाही. अशा वेळी "कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या की निघू" हा नियम लागू नाही, तो डोकं खाली असणाऱ्यांसाठी. आंघोळ, चालणं, बॅग भरणं काही नको, 108 ला फोन करून "बाळ आडवं आहे, पाणी गेलंय" एवढं सांगा आणि हॉस्पिटललाही कळवा म्हणजे ते थिएटर तयार ठेवतील. गाडी येईपर्यंत बाईने डाव्या कुशीवर झोपायचं, कंबरेखाली दोन उशा. काही खायला-प्यायला देऊ नका, सीझर लागू शकतं.

खाली नाळ दिसली किंवा योनीत दोरीसारखं काही हाताला लागलं तर लगेच गुडघे आणि छाती जमिनीला टेकवून कंबर वर करायची. गाडीत तसं राहणं धोक्याचं, तिथे परत डावी कूस आणि उशा. नाळ आत ढकलू नका, सारखी हाताळू नका, आणि जोर अजिबात लावायचा नाही. बाळाचा हात बाहेर आलेला दिसला तर तो ओढायचा नाही, कारण खांदा अडकलेला असताना कळा चालू राहिल्या तर पिशवी फाटू शकते. घरी कळा वाढवायचं इंजेक्शन तर चुकूनही घेऊ नये.

पाणी न जाता नुसत्या कळा सुरू झाल्या तरी निघायचंच. पोचल्यावर सोनोग्राफी होते. बाळ फिरून डोकं खाली आलं असेल तर नॉर्मल डिलिव्हरीही होऊ शकते, पाणमोट शाबूत असेल तर कधी कधी फिरवून बघतात, आडवंच राहिलं तर सीझर.

सीझर झालं तर एक विचारून घ्या: पिशवीवर टाका आडवा की उभा? बाळाची पाठ खाली असेल तर त्याला बाहेर काढणं अवघड जातं आणि कधी उभा छेद घ्यावा लागतो. पोटावरचा टाका आडवा दिसला तरी आतला उभा असू शकतो, आणि तसं असेल तर पुढच्या वेळी कळांची वाट न बघता आधीच तारीख ठरवून सीझर करतात. डिस्चार्ज कार्डवर हे लिहूनच घ्या.