या चुका टाळा: फोटो-सहीची फाईल दर वेळी जड नसते, बऱ्याचदा हलकी असते

डिचोलीत बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि फॉर्म भरायचं दुकान आहे. दिवसातून चार वेळा तरी एकच वाक्य ऐकतो, "भाऊ, जरा केबी कमी करून दे." किती केबी पाहिजेत विचारलं की माहीत नाही, फॉर्मवर काय लिहिलंय ते वाचलेलं नाही, पण कमी करायचे हे नक्की. हे "कमी करायचे" डोक्यात इतकं पक्कं बसलंय ना, की निम्म्या चुका तिथूनच चालू होतात.

उदाहरण म्हणून एकच माप धरूया, बँकेच्या भरतीचं, कारण ते सगळ्यात जास्त येतं. आयबीपीएसच्या जाहिरातीत फोटो 200 बाय 230 पिक्सेल आणि 20 ते 50 केबी, सही 140 बाय 60 पिक्सेल आणि 10 ते 20 केबी असं दिलेलं असतं. नीट बघा, दोन वेगळ्या गोष्टी मागितल्यात. पिक्सेल म्हणजे चित्रात किती ठिपके, केबी म्हणजे फाईलचं वजन. आणि वजनाला वरची हद्द आहे तशी खालचीही आहे. ही खालची कोणी वाचत नाही.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. गणपतीची चवथ आठ दिवसांवर, बाजारात गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानाची गर्दी, आणि फॉर्मची शेवटची तारीख. वाळपईकडचा एक मुलगा संध्याकाळी पाच वाजता कदंबा बसमधून उतरून भिजत दुकानात आला. सकाळपासून सही अपलोड होत नाही म्हणे, साईट खराब आहे. फोनमध्ये बघतो तर सहीच्या तीन फाईली, पहिली 7 केबी, दुसरी 5, तिसरी 3. स्क्रीनवर स्वच्छ लिहून येत होतं की फाईल 10 ते 20 केबीमध्ये हवी, पण ह्याने लाल अक्षरं दिसली की मेसेज न वाचताच आणखी बारीक केली, परत लाल, परत बारीक. दिवसभर बिचारा उलट्या दिशेने चालत होता. साईट ठणठणीत होती.

आता 7 केबी का येतात ते बघा. 140 बाय 60 म्हणजे सगळे मिळून 8,400 ठिपके, एवढ्याशा चित्रात 10 केबी भरायला माल तरी कुठून आणायचा? त्यात जेपेग, म्हणजे jpg फाईल, चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडून ते साठवतं, आणि कोऱ्या पांढऱ्या चौकोनाला जवळपास काहीच जागा लागत नाही. लोक काय करतात, सही छान दिसावी म्हणून ॲपमधून मागचा कागद पांढराशुभ्र करतात. झालं, तीन चतुर्थांश चित्र कोरं, वजन गेलं. कागदाचा तो हलका खरखरीतपणा, स्कॅनमधली बारीक दाणेदार छटा, हेच ते वजन असतं आणि तेच तुम्ही पुसून टाकता. सावली घालवा, डाग घालवा, पण कागद कागदासारखा दिसू दे.

त्या मुलाची सही मी परत घेतली. त्याने खिशातून बॉलपेन काढलं, मी ते बाजूला ठेवायला लावलं. कारण सांगतो. सही कागदावर सात सेंटिमीटर लांब असेल आणि ती 140 पिक्सेलमध्ये बसवायची तर एका मिलिमीटरला येतात दोन पिक्सेल. बारीक बॉलपेनची रेघ साधारण पाव-अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे तिच्या वाट्याला एक पिक्सेलही धड येत नाही, मग काळी रेघ राखाडी होते आणि मधेमधे तुटते. लोकांना वाटतं स्कॅनर वाईट. स्कॅनर नाही हो, पेन! मी काळं जाड जेलपेन देतो. फक्त पावसात आमच्याकडे कागद इतका सर्द असतो की जेलची शाई पसरते, म्हणून कोरे कागद झेरॉक्स मशीनच्या वर ठेवतो, तिथे उबदार असतं, आणि सही झाल्यावर एक मिनिट हात लावायचा नाही.

आणखी एक माझी सवय, कागदावर आधी पेन्सिलने 7 बाय 3 सेंटिमीटरची चौकट आखायची आणि त्यात सही करायला सांगायची. 140 बाय 60 म्हणजे 7 ला 3 हेच प्रमाण, त्यामुळे चौकटीच्या आतून त्याच प्रमाणात कापलं की पुढे ओढाताण नाही. लोक ए-फोर कागदाच्या मधोमध सही करून अख्ख्या कागदाचा फोटो काढतात आणि तोच 140 बाय 60 करतात, मग सहीच्या जागी दिसते मेलेली मुंगी.

स्कॅन केला 300 डीपीआयवर, म्हणजे एका इंचात 300 ठिपके. चौकट जवळजवळ 827 पिक्सेल रुंद आली. कापली, 140 बाय 60 केली, जिम्प ह्या फोटो एडिटरमध्ये Export As करून Quality 100 वर ठेवली, Advanced Options मध्ये Subsampling 4:4:4 केलं म्हणजे रंगाचा तपशील कापला जात नाही, आणि Show preview in image window वर टिक केलं की सेव्ह करायच्या आधीच फाईलचं वजन दिसतं. आकडा आला 8 आणि काहीतरी. तरी कमीच! मग जाहिरात परत उघडून वाचली, 140 बाय 60 च्या पुढे "preferred" लिहिलं होतं, म्हणजे हे माप चालेल तर बरं, सक्ती नाही. म्हणून त्याच प्रमाणात दुप्पट केली, 280 बाय 120. ठिपके चौपट झाल्यावर वजन 20 च्या वर गेलं, मग Quality थोडी खाली आणत आणत 15 केबीला थांबवली. अपलोड झाली. तेवढ्यात लाईट गेली, पण इन्व्हर्टर होता. एक लक्षात ठेवा, दुप्पट करताना मूळ 827 वाल्या स्कॅनवरून करायची, 140 वाली ओढून मोठी केली तर धूसर होते. आणि जिथे "preferred" नसतं, माप अगदी तेवढंच हवं असतं, तिथे दुप्पट चालत नाही, तिथे न धुतलेला कागद आणि Quality 100 एवढाच रस्ता उरतो. फाईलच्या शेपटीला फालतू मजकूर चिकटवून वजन वाढवायची युक्ती काही पोरं सांगतात. मी करत नाही, कारण पलीकडे फाईल परत सेव्ह झाली तर ती शेपटी गळून पडते आणि तुम्हाला कळतही नाही.

फोटोचंही तेच, फक्त उलटसुलट. बारा मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके, तुम्हाला हवेत 200 गुणिले 230 म्हणजे 46 हजार. घाईवाले लोक पिक्सेल तसेच ठेवून Quality खेचत खेचत तळाला नेतात, चेहऱ्यावर फरशा दिसायला लागतात आणि तरी फाईल सहसा 50 केबीत येत नाही. आधी माप कमी करा ना! माप 200 बाय 230 झालं की वजन आपोआप पडतं, इतकं पडतं की Quality 85 ला माझ्याकडे बऱ्याचदा 10-12 केबीच येतात, 20 च्याही खाली. मग Quality 95 च्या पुढे न्यावी लागते. म्हणून क्रम एकच, कापा, मग पिक्सेल, मग वजन. शेवटचं सगळ्यात शेवटी.

आणि कापल्याशिवाय पिक्सेल टाकू नका. स्टुडिओतला पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा असतो. तो 200 रुंद केला की उंची येते 257, फॉर्मला हवी 230. पेंटमध्ये Ctrl+W दाबून Maintain aspect ratio ची टिक काढून 230 ठोकलं की 27 ओळी चेहऱ्यातच दाबल्या जातात, माणूस दहा टक्के बुटका आणि गालफुगा. एका बायने असा फोटो आणला होता, आई म्हणाली ही माझी मुलगी नाहीच! आधी 20 ला 23 ह्या प्रमाणात कापायचा, आणि कापायचं खालून, शर्टाकडून, डोक्याचे केस नाही.

बाकीच्या चुका पटपट.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली सही आणू नका, ती वाटेतच दाबली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

नुसतं नाव बदलून png चं jpg होत नाही. आतले बाइट्स png चेच राहतात, काही साईट नाव बघतात, काही आत डोकावतात, आणि आत डोकावणारी हाकलून देते. आयफोनच्या heic चं पण तेच. उघडा आणि जेपेग म्हणून परत सेव्ह करा.

डीपीआयचा आकडा 300 चा 72 केला म्हणून वजन घटत नाही, पिक्सेल तेवढेच राहिले तर ती फक्त चिठ्ठी बदलली. डीपीआय लागतो तो फॉर्मवर सेंटिमीटर दिलेले असतात तेव्हा. साडेतीन बाय साडेचार 200 डीपीआयला म्हणजे 276 बाय 354, असं.

विंडोजच्या Properties मध्ये Size बघा, Size on disk नाही. दुसरा आकडा डिस्कवर अडवलेल्या जागेचा असतो, 49 केबीची फाईल तिथे 52 दिसते आणि माणूस उगाच घाबरतो. तरी मी 50 च्या हद्दीला 45 वरच थांबतो, काठावर कशाला उभं राहायचं.

फोनवर सरळ दिसणारा फोटो फॉर्ममध्ये आडवा झोपला तर फोनने फोटो फिरवलेला नाही, नुसती "फिरवून दाखवा" अशी खूण ठेवलीय. एडिटरमध्ये उघडून फिरवा आणि परत सेव्ह करा.

"टाका फोटो, घ्या 20 केबी" वाल्या साईट. माझं स्पष्ट मत, फोटो आणि सही दोन्ही एकत्र कुठल्या अनोळखी साईटवर चढवायच्या हेच मला पटत नाही, आणि त्यातल्या बऱ्याच तुम्हाला न सांगता पिक्सेल पण बदलतात, मग फॉर्म मापावरून नाकारतो. त्या मुलाच्या तीन फाईली अशाच साईटवरून आल्या होत्या.

त्याचा फॉर्म साडेसहाला गेला. त्याआधी घाईत ह्याने फाईली उलट्या निवडल्या, फोटोच्या चौकटीत सही आणि सहीच्या चौकटीत फोटो, आणि साईटने दोन्ही वजनावरून परत पाठवल्या. माप दुप्पट केल्यावर सही 280 बाय 120, 15 केबी, फोटो 28 केबी, आणि दोन्हींची नावं ह्याने ठेवलेली "final" आणि "final1". आता माझ्याकडे नाव एकच पद्धतीने पडतं, photo_200x230 आणि sign_280x120, आणि प्रिव्ह्यू गिऱ्हाईकाला स्वतःच्या डोळ्याने बघायला लावतो.