भात खाचरातला मिथेन: पाणी केव्हा तोडायचे आणि पेंढा केव्हा गाडायचा

खाचरात पाणी भरले की मातीतला प्राणवायू लवकरच संपतो. मग सूक्ष्मजीव श्वसनासाठी आधी नायट्रेट, नंतर मँगनीज, लोह आणि सल्फेट यांच्यावर भागवतात. हे सगळे उरकले की मिथेन हा तापमान वाढवणारा वायू तयार करणाऱ्या, आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांची पाळी येते. तयार झालेल्या मिथेनपैकी बराचसा बुडबुड्यांतून न येता भाताच्या रोपातल्या हवेच्या पोकळ्यांतून, धुराड्यातून यावा तसा, वर निघतो.

पाणी उतरून मातीत हवा शिरली की हा क्रम उलटतो. आर्किया मंदावतात आणि विरघळलेले लोह पुन्हा गंजते. नंतर पाणी भरले तरी हे गंजलेले लोह वापरून संपेपर्यंत मिथेन फारसा बनत नाही. त्यामुळे काही दिवसांच्या कोरडेपणाचा परिणाम पाणी भरल्यानंतरही टिकतो, आणि जमिनीला भेगा पडेपर्यंत थांबायची गरज उरत नाही. आलटून-पालटून ओलित-कोरडे ठेवण्याच्या पद्धतीचा पाया हाच आहे.

पाण्याची नळी

पाणी केव्हा द्यायचे हे वरची माती पाहून कळत नाही. माती कोरडी दिसत असली तरी मुळांच्या थरात पाणी असते. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने त्यासाठी एक साधी नळी सुचवली आहे. ३० सेंमी लांब आणि १० ते १५ सेंमी व्यासाचा पीव्हीसी पाइप घ्या. त्याच्या खालच्या २० सेंमी भागात चहूबाजूंनी, साधारण २ सेंमी अंतरावर, ५ मिमीची भोके पाडा. नळी उभी ठोका, १० सेंमी भाग जमिनीवर राहू द्या आणि आतला चिखल तळापर्यंत काढून टाका.

जागा बांधाजवळची, पण बांधाला अगदी चिकटून नको. खड्डा किंवा उंचवटाही टाळा, नाहीतर एका ठिकाणचे माप सगळ्या खाचराला लावले जाईल. खाचर नीट सपाट नसेल तर एक नळी पुरत नाही. खरे तर आधी सपाटीकरणच करावे लागते, कारण उंच भागात भेगा पडत असताना सखल भाग अजून पाण्यातच असतो.

नळी बसवल्यावर खाचरात पाणी असतानाच तपासा. आतली आणि बाहेरची पातळी सारखी हवी. आतली पातळी मागे राहत असेल तर भोके चिखलाने बुजली आहेत. नळी उपसून धुवा, पुन्हा बसवा. ही चूक बऱ्याचदा होते आणि तिच्यामुळे पिकाला पाणी उशिरा किंवा विनाकारण लवकर दिले जाते.

पाण्याची पाळी

लावणीनंतर पहिले एक-दोन आठवडे उथळ पाणी ठेवा, रोपे रुजू द्या. तण खूप असेल तर हा काळ दोन-तीन आठवड्यांचा करा, कारण तण दाबण्याचे काम उभे पाणीच करते. पुढे ५ सेंमी पाणी भरा आणि त्याला आपोआप उतरू द्या. नळीतली पातळी जमिनीखाली १५ सेंमीवर गेली की पुन्हा ५ सेंमी भरा.

पट्टी नळीच्या वरच्या कडेपासून खाली सोडतात, म्हणून आकडे नीट वाचायला हवेत. समजा लावणीनंतर १५ व्या दिवशी पाणी भरले. त्या दिवशी कडेपासून पाण्यापर्यंत ५ सेंमी अंतर असेल. १९ व्या दिवशी ते १० झाले, म्हणजे पाणी जमिनीच्या पातळीला आले. २५ व्या दिवशी २५ झाले, म्हणजे पाणी १५ सेंमी खाली गेले. आता पाणी द्यायचे. हलक्या जमिनीत हा प्रवास दोन-तीन दिवसांत उरकतो, भारी जमिनीत दहा दिवसही लागतात. म्हणून "दर आठवड्याला एक पाळी" असे ठरवून ठेवू नये.

फुलोऱ्याच्या एक आठवडा आधीपासून एक आठवडा नंतरपर्यंत खाचरात पाणी उभेच ठेवा. या काळात ताण बसला तर दाणे पोचट राहतात आणि ते नुकसान पुढे भरून निघत नाही. त्यानंतर पुन्हा ओलित-कोरडे सुरू करा आणि कापणीच्या एक-दोन आठवडे आधी पाणी तोडा.

दोन परिस्थितींत ही पद्धत लंगडी पडते. सततच्या पावसात खाचर कोरडे होतच नाही, तेव्हा नळी असली तरी मिथेन कमी होत नाही. आणि पाणी स्वतःच्या हातात नसेल, म्हणजे पुढची पाळी केव्हा येईल याची खात्री नसेल, तर शेतकरी पाणी उतरू देणार नाही. त्याचे ते बरोबरच आहे.

हिशोब करून पाहू

हवामान बदलावरील आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, २०१९ च्या सुधारित पद्धतीनुसार सतत पाण्याखालच्या भाताचा जागतिक मूळ दर दिवसाला हेक्टरी १.१९ किलो मिथेन आहे. स्थानिक मोजमाप नसेल तेव्हा तो वापरतात. हंगाम ११० दिवसांचा धरला तर १३१ किलो होतात. हंगामात अनेकदा निचरा केल्यास गुणक ०.५५ लागतो, म्हणजे ७२ किलो. वाचले ५९ किलो. शंभर वर्षांत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापमान वाढवतो, हा तापमानवाढ गुणक लावला तर सुमारे १,६५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके.

पण यात पेंढा धरलेलाच नाही. हेक्टरी ५ टन कोरडा पेंढा लावणीच्या ३० दिवसांच्या आत गाडला तर मूळ दराला (१ + ५) चा ०.५९ घात, म्हणजे २.८८ ने गुणावे लागते. ३० दिवसांहून आधी गाडला तर ५ ला ०.१९ ने गुणून मग १ मिळवतात, त्याचाही ०.५९ घात घेतात, आणि गुणक १.४८ इतकाच येतो. कारण पाणी भरण्याआधी हवेत कुजलेल्या पेंढ्यात आर्कियांसाठी फारसे काही उरत नाही.

आता आकडे शेजारी ठेवा. ताजा पेंढा आणि सतत पाणी: ३७७ किलो. ताजा पेंढा आणि ओलित-कोरडे: २०७. लवकर गाडलेला पेंढा आणि सतत पाणी: १९४. दोन्ही एकत्र: १०७. नळी हाती नसतानाही, नांगरट महिनाभर आधी केल्याने नळीइतकाच फायदा झाला. मिथेन कमी करण्याच्या प्रकल्पांच्या अहवालांत पाण्याचे रकाने तपशिलाने भरलेले असतात आणि पेंढ्याची तारीख कोणी लिहीत नाही. अशा अहवालातल्या बचतीवर फार भरवसा ठेवू नये.

प्रत्यक्ष मोजमाप करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. पाणी उतरताना मातीत अडकलेला मिथेन एकदम बाहेर पडतो. आठवड्याला एकदाच नमुने घेतले तर हा झोत हमखास निसटतो आणि बचत फुगवून दिसते. निचऱ्याच्या दिवसांत रोज नमुने घ्या.

ओल्या-कोरड्या मातीतून नायट्रस ऑक्साइड हा तापमान वाढवणारा दुसरा वायूही जास्त निघतो. आयपीसीसीचा गुणक सतत पाण्यात दिलेल्या नत्राच्या ०.३ टक्के, तर निचऱ्यात ०.५ टक्के आहे. हेक्टरी १२० किलो नत्र दिल्यास वाढ ०.२४ किलो नत्राची, म्हणजे साधारण ०.३८ किलो नायट्रस ऑक्साइडची होते, त्याच्या २६५ च्या तापमानवाढ गुणकाने सुमारे १०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी. पेंढा न धरता वाचलेल्या १,६५० समोर ती लहान आहे, पण नत्र भरमसाट दिले तर वाढत जाते. म्हणून युरियाचा हप्ता खाचर कोरडे असताना, पाणी भरण्याच्या अगदी आधी द्या. पाण्याबरोबर तो मुळांपर्यंत उतरतो आणि हवेत कमी उडतो.