रिलेटेड वर्कमध्ये जुन्या पद्धतींना त्यांचं माप द्या

आमचा पेपर चादरीतला विणकामाचा दोष कॅमेऱ्याने पकडण्याबद्दल होता. सोलापुरात यंत्रमागावरची जेकार्डची चादर हाताशीच, त्यामुळे फोटो जमवणं जड गेलं नाही. जीव काढला तो रिलेटेड वर्कने.

मसुद्यातलं वाक्य असं होतं: ‘पॅचकोअरसारख्या पद्धती नक्षीदार कापडावर अपुऱ्या पडतात.’ असलं वाक्य ठेवलंत तर पेपर परत येईल हे धरून चाला. कुठल्या दोषावर अपुऱ्या, आणि का? गोषवारा वाचून याचं उत्तर मिळत नाही, मेथडचा भाग वाचावा लागतो. पॅचकोअर निर्दोष चित्रांच्या छोट्या तुकड्यांची वैशिष्ट्यं साठवते आणि नवा तुकडा आला की साठ्यातल्या सर्वांत जवळच्या तुकड्याशी ताडून बघते. तो चित्रात कुठे होता, याच्याशी तिला देणंघेणं नाही. म्हणून तेलाचा डाग किंवा तुटलेला धागा ती पकडू शकते. पण ओळीतलं एक फूल विणलंच गेलं नाही आणि तिथे साधी जमीन आली, तर? तसा तुकडा साठ्यात आधीच असेल, तर दोष निसटतो. पॅडिम (२०२०) प्रत्येक जागेसाठी वेगळं गॉसियन वितरण ठेवते, त्यामुळे तिला जागा कळते. मात्र चित्रं एकमेकांवर नीट बसायला हवीत, आणि मागावर सरकणारं कापड तसं बसत नाही. आमचं काम या फटीतलं: नक्षीची पुनरावृत्ती शोधून चित्र आधी जुळवायचं, मग तुलना करायची.

इतकं उमगलं की धीर येतो, आणि खरा सापळा इथेच असतो. ‘पुनरावृत्तीचा वापर प्रथमच’ असं लिहायला हात शिवशिवतो. पण नक्षीचा एक घटक धरून कापडातले दोष शोधणारा न्गान, पांग आणि युंग यांचा पेपर २००८ चा आहे. नुसतं ‘ॲनोमली डिटेक्शन’ शोधलं तर तो सहज समोर येत नाही, ‘पॅटर्न्ड फॅब्रिक’ टाकून बघा. दुसऱ्याच्या सर्वे पेपरमधून संदर्भ उचलायचा शॉर्टकट मला मुळीच पटत नाही. ‘रिलेटेड वर्क शेवटच्या रात्री उरका’ म्हणणाऱ्या गाईडचंही हे एक ऐकू नका.

घाबरू नका, जुना पेपर सापडला म्हणून तुमचं काम बुडत नाही. वाक्य फक्त असं होतं: ‘नक्षीच्या पुनरावृत्तीचा आधार न्गान आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतला. आम्ही त्याच आधारावर पूर्वप्रशिक्षित नेटवर्कची वैशिष्ट्यं जुळवतो, त्यामुळे जागा चुकलेली नक्षी सापडते. डागांवर पॅचकोअरपेक्षा फायदा दिसला नाही.’

शेवटचं वाक्य खोडावंसं वाटेल, ते राहू द्या. त्यासाठी रिझल्टच्या टेबलमध्ये डाग, तुटका धागा आणि चुकलेली नक्षी यांचे आकडे वेगवेगळे द्या. एकच सरासरी दिलीत तर तुमचा फायदा नेमका कुठे आहे, हे रिव्ह्यूअरला तपासताच येत नाही.