ज्युनिअरच्या एमएससाठी मॅनेजरचं शिफारसपत्र: या चुका टाळा

ऑक्टोबर लागला की पुण्यातल्या आयटी कंपन्यांत टीममधलं कोणीतरी चहाच्या वेळी हळूच विचारतं, "सर, एक एलओआर द्याल का?" अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत पुढल्या ऑगस्टच्या प्रवेशासाठी अर्जाची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते, त्याची ही लगबग. सहसा तीन पत्रं मागतात. बहुतेक मुलं दोन प्राध्यापकांची आणि एक नोकरीतल्या वरिष्ठाचं अशी जुळणी करतात. प्राध्यापकांच्या हाताखालून अशी पत्रं दरवर्षी जात असतात. मॅनेजरला मात्र लिहायची सवय असते ती अप्रेझलची, आणि बऱ्याच चुकांचं मूळ तिथेच आहे.

"तूच लिहून आण, मी सही करतो"

आपल्याकडे ही पद्धत इतकी रुळली आहे की त्यात काही गैर आहे असं कोणाला वाटतच नाही. मॅनेजरला वेळ नसतो, मुलाला घाई असते, मसुदा तयार होतो. पण विद्यापीठाकडे तुमचं पत्र एकटं पोचत नाही. त्याच फाइलमध्ये मुलाने स्वतः लिहिलेलं उद्देशपत्र म्हणजे एसओपी असतं आणि बाकीची दोन पत्रंही असतात. चारही लेखांत तीच वाक्यरचना, तीच तीन विशेषणं आणि तोच एक प्रकल्प आला, तर वाचणाऱ्याला वेगळा पुरावा लागत नाही. वर्डच्या फाइलची पीडीएफ केली की तिच्या प्रॉपर्टीजमध्ये लेखक म्हणून मुलाचंच नाव राहतं, हा आणखी एक घरचा भेदी. पत्र शिफारस करणाऱ्यानेच लिहावं ही विद्यापीठांची अट असते आणि ती मोडल्याचं उघड झालं तर मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.

शिवाय अर्ज भरताना मुलाला एक प्रश्न विचारलेला असतो: हे पत्र पुढे पाहण्याचा हक्क तू सोडतोस का? अमेरिकेच्या १९७४च्या फर्पा कायद्याने विद्यार्थ्याला आपल्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. बहुतेक जण तो या पत्रांपुरता सोडतात, कारण गोपनीय पत्रावर समितीचा विश्वास जास्त बसतो. हक्क सोडल्याची खूण करायची आणि पत्रही स्वतःच लिहायचं, हे एकत्र कसं बसणार?

मग वेळ नसलेल्या मॅनेजरने काय करावं? मसुदा मागू नये, टिपण मागावं. एका पानावर एवढंच: कोणकोणत्या कामांवर होतास आणि कधी, त्यातला तुझा नेमका भाग कोणता, कोणत्या विषयासाठी अर्ज करतोयस, विद्यापीठं कोणती आणि प्रत्येकाची मुदत काय. सोबत बायोडेटा आणि एसओपीचा कच्चा खर्डा. घटना टिपणातून घ्याव्यात, त्यांच्याबद्दलचं मत मात्र आपलं लिहावं. मुदतीच्या निदान महिनाभर आधी हे हातात आलं तर शनिवारची एक सकाळ पुरते.

अप्रेझलची भाषा

"ती अत्यंत मेहनती, प्रामाणिक आणि टीम प्लेअर आहे. दिलेली सर्व उद्दिष्टं तिने वेळेत पूर्ण केली. तिच्या उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा." यात खोटं काही नाही, पण हे कोणाबद्दलही लिहिता येईल. समितीतल्या प्राध्यापकाला विचारायचं असतं वेगळंच: उत्तर माहीत नसलेला प्रश्न समोर आला तर ही मुलगी काय करते? अभ्यासक्रमातले गुण हे सांगत नाहीत. कॉलेजच्या प्राध्यापकांनीही बहुधा ते पाहिलेलं नसतं. तुम्ही पाहिलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, दोन वर्षं अनुभव असलेली एक मुलगी डेटाबेस हा विषय घेऊन एमएससाठी अर्ज करते आहे. तुमच्या टीमकडे एका बँकेचं रात्रीचं रिकन्सिलिएशन आहे: दिवसभराचे व्यवहार खात्यांच्या नोंदींशी ताडून पाहायचे. हा बॅच जॉब चार तास चालायचा, महिनाअखेरीला त्याहून जास्त, आणि सकाळी अहवाल उशिरा गेला की बँकेकडून ओरड. सगळ्यांचं म्हणणं एकच, मोठा सर्व्हर घ्या. हिने आधी प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागतो ते मोजलं. बहुतेक वेळ एकाच ठिकाणी जात होता: प्रत्येक व्यवहारासाठी खात्याची माहिती वेगळी क्वेरी करून आणली जात होती. लाख व्यवहार असले की डेटाबेसकडे लाख फेऱ्या. तिने हजार-हजार खात्यांची माहिती एकदम आणायला सुरुवात केली आणि काम पाऊण तासावर आलं.

अप्रेझल इथे थांबतं. पत्राने इथून पुढे जायला हवं. वेग वाढला, पण तपासताना तिला काही व्यवहार दोनदा मोजलेले दिसले. एका खात्याच्या दोन नोंदी असल्या की नव्या जोडणीत ओळ दुप्पट होत होती. हे अजून कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. तिने ते आपणहून सांगितलं, दुरुस्त केलं, आणि जुनी व नवी पद्धत आठवडाभर शेजारी-शेजारी चालवून दोन्हींचे निकाल रोज ताडून पाहिले. मगच बदल प्रत्यक्ष वापरात गेला.

आता पत्रातला परिच्छेद असा होईल (पत्र अर्थात इंग्रजीत जाईल, इथे आशय देतो): "सर्व्हर वाढवण्याची मागणी मी जवळजवळ मंजूर केली होती. तिने मोजमाप पुढे ठेवून ती अनावश्यक असल्याचं दाखवलं. जॉबचा वेळ पाचव्या भागाहूनही कमी झाला. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते हे, की आपल्याच बदलातला दोष तिने सगळ्यांच्या आधी शोधला आणि दोन्ही निकाल सलग आठवडाभर जुळल्याशिवाय काम पूर्ण झालं असं म्हटलं नाही. तिचा कोड मी स्वतः तपासत असे, त्यामुळे हे ऐकीव नाही." एकही विशेषण नाही, तरी मेहनती आणि प्रामाणिक दोन्ही त्यात आलं. असे दोन प्रसंग असले की दीड पान होतं. दोन पानांपुढे जाऊच नये.

उणिवेबद्दल विचारलं तर "जास्तच काम करते" हे उत्तर देऊ नका. ते वाचून कोणी फसत नाही. खरी पण सुधारता येणारी गोष्ट लिहा: सुरुवातीला ती डिझाइन कागदावर न मांडता थेट कोडला हात घालायची, दोनदा सांगितल्यावर आधी लिहू लागली, अजूनही लिखाण त्रोटक असतं. असं एक वाक्य बाकीच्या कौतुकाला वजन देतं.

टक्क्यांचा तक्ता

पत्र अपलोड करताना बऱ्याच पोर्टलवर एक तक्ता येतो. बुद्धिमत्ता, लेखन, स्वतंत्रपणे काम, संशोधनाची क्षमता अशा ओळी, आणि पुढे रकाने: वरचे १ टक्का, ५, १०, २५ वगैरे. चांगल्या मनाचा मॅनेजर सगळीकडे पहिल्या रकान्यात टिचकी मारून मोकळा होतो. पण तुमच्या टीममध्ये आठच जण असतील, तर त्यातला पहिला म्हणजे वरच्या साडेबारा टक्क्यांतला. तो १ टक्क्यातला आहे हे त्या आठांवरून सांगताच येत नाही. आजवर तुमच्या हाताखाली काम केलेले सगळे मोजा. चाळीस जण झाले असतील आणि ही त्यातल्या पहिल्या दोघांत असेल, तर ५ टक्के हे प्रामाणिक उत्तर आहे. तेच पत्रात शब्दांत लिहा: "आजवरच्या चाळीस जणांत पहिल्या दोघांत." तक्ता आणि पत्र एकमेकांना दुजोरा देतात.

संशोधनाच्या ओळीपुढे "मत देण्याइतकी माहिती नाही" हा पर्याय बहुधा असतो. तो निवडायला संकोच करू नका. मॅनेजरने संशोधन पाहिलेलं नाही, यात उमेदवाराचं काही बिघडत नाही.

मोठ्या साहेबांची सही

मुलांना वाटतं, व्हाइस प्रेसिडेंटचं पत्र जास्त चालेल. त्यांनी काम जवळून पाहिलेलं नसेल तर ते पत्र पोकळच होणार. साधा टीम लीड, पण रोजचा कोड पाहणारा, कधीही बरा.

एचआर, लेटरहेड आणि ग्राहकाचं नाव

काही कंपन्या शिफारसपत्रावर बंधन घालतात: एचआर फक्त नोकरीच्या तारखा आणि पदनाम कळवणार, बाकी कोणी लेटरहेड वापरायचं नाही. लिहायच्या आधी विचारून घ्या. परवानगी नसेल तर एचआरचं अनुभव प्रमाणपत्र शिफारशीच्या जागी चढवू नका, त्यात मत नसतं. अशा वेळी वैयक्तिक नात्याने, साध्या कागदावर लिहू द्याल का, हा प्रश्न एचआरला लेखी विचारावा. नकारच आला तर मुलाला लगेच सांगा, त्याला दुसरा माणूस शोधायला वेळ हवा.

ग्राहकाचं नाव, व्यवहारांचे आकडे, आतल्या यंत्रणेची नावं पत्रात नकोत. वरच्या परिच्छेदात "पाचव्या भागाहूनही कमी" म्हटलं ते यासाठीच. प्रमाण सांगितलं की मुद्दा पोचतो आणि गोपनीयतेचा करारही मोडत नाही. पदनाम आणि तारखा मात्र बायोडेटाशी तंतोतंत जुळवा.

लिंक येत नाही, फाइल चढत नाही

मुलाने अर्जात तुमचं नाव आणि ईमेल भरला की विद्यापीठाची यंत्रणा तुम्हाला लिंक पाठवते. आठ विद्यापीठं असली तर बहुधा आठ वेगळ्या लिंक. ईमेल ऑफिसचा द्यावा, जीमेलच्या पत्त्यावर काही ठिकाणी शंका घेतात. पण ऑफिसच्या मेलची गाळणी कडक असते. लिंक दिसली नाही तर आधी जंक फोल्डर, मग क्वारंटाइन पाहा, तिथे नसेल तर आयटी विभागाला विचारा. तोवर मुलाला पोर्टलवरून आठवण पुन्हा पाठवायला सांगा, ते बटण बहुतेक पोर्टलवर असतं. तुम्ही मध्येच नोकरी बदलणार असाल तर हे आधी सांगणं गरजेचं आहे, कारण जुना मेल बंद झाला की लिंकही गेली. पत्ता मुलालाच अर्जात बदलावा लागतो.

पीडीएफ चढत नसेल तर तिला पासवर्ड किंवा डिजिटल सर्टिफिकेटची सही आहे का ते पाहा. सही हाताने करून स्कॅन केलेली साधी पीडीएफ सहसा चढते. मायना "प्रवेश समितीस" एवढाच ठेवला तर एका विद्यापीठाचं पत्र दुसऱ्याला गेल्याची नामुष्की टळते. आणि अपलोड आपल्याच संगणकावरून करा. मुलाला लिंक देऊन "तूच टाकून दे" म्हणणं म्हणजे गोपनीयतेच्या खुणेला अर्थच उरत नाही.

मुदतीची वेळ तिकडची असते. डिसेंबरात न्यूयॉर्कचे रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०:२९, कॅलिफोर्नियाची वेळ असेल तर दुपारचे १:२९. मुलाचा अर्ज वेळेत गेला असेल, तर पत्र एखाद-दोन दिवस उशिरा आलं तरी काही विभाग घेतात, काही घेत नाहीत. मुदत हुकली तर मुलाने त्याच दिवशी प्रवेश कार्यालयाला मेल करून विचारावं, आणि उत्तर येईपर्यंत पोर्टलची लिंक चालू आहे का ते तुम्ही उघडून पाहावं. चालू असेल तर पत्र चढवून टाका.