"लास्ट किती?" ला काय उत्तर द्यायचं: फिक्स किमतीत जुना कॅमेरा विकताना मी घातलेला गोंधळ

जाहिरातीत "किंमत फिक्स" असं स्वच्छ लिहिलेलं असतं तरी पहिला मेसेज येतो तो "लास्ट किती?" हाच. ज्यांनी एखादी तरी जुनी वस्तू विकलीय त्यांना हे नवीन नाही. पण पहिल्यांदाच विकणारा इथे जाम गडबडतो, मी तर इतकी गडबडले होते की आजही तो चॅट वाचला की लाज वाटते.

माझा एंट्री लेव्हलचा डीएसएलआर होता, सोबत १८-५५ ची किट लेन्स. किंमत ठरवताना बरीच शोधाशोध केली होती, त्याच मॉडेलचे तशाच कंडिशनचे कॅमेरे कितीला जातायत ते बघून आकडा ठरवला आणि वर अजिबात काही चढवलं नाही. म्हणजे खरंच फिक्स. हिशोब सोपा व्हावा म्हणून इथे ती किंमत १०० धरते. एकाने विचारलं, "६० ला देणार का? आत्ता येतो, कॅश." मला राग आला, पण गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून मी गोड बोलायचं ठरवलं आणि हे लिहिलं: "अहो सर ६० खूपच कमी होतात, दोनच वर्षं झालीत घेऊन, फार वापरलेला नाही, शटर काउंट फक्त ९ हजार आहे, आणि सोबत बॅग पण देतेय."

वाचायला चांगलं वाटतं ना? मलाही वाटलं होतं, पण त्याचं उत्तर बघा. "दोन वर्षं म्हणजे वॉरंटी संपली. वापरला नाही म्हणजे पडून होता, लेन्सला फंगस असणार. शटर काउंटचं काय, बॅटरी जुनी झालीच ना. बॅग माझ्याकडे आहे, तिचे कमी करा." मी दिलेलं एकेक कारण त्याने उचललं आणि उलटं करून माझ्याच हातात ठेवलं. मग मी फंगस नाही म्हणून फोटो पाठवले, बॅटरी किती वेळ चालते ते लिहिलं, या वर्गातल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण लाखभर क्लिक्सच्या हिशोबाने धरतात हे समजावलं, अर्धा तास हेच चाललं होतं आणि शेवटी वैतागून मी तो वाक्यप्रयोग केला जो कधीच करू नये: "बरं, तुम्ही किती देताय?"

संपलं. त्या एका प्रश्नाने "फिक्स" हा शब्द गेला. तो ६५ म्हणाला, मी ९० म्हणाले, तो ७० वर आला, मी ८५, आणि मग अचानक भान आल्यासारखं मी लिहिलं, "परवडत नसेल तर राहू द्या." तो गेला. म्हणजे किंमतही सोडली आणि गिऱ्हाईकही घालवलं, दोन्हीकडून हात रिकामे. कॅमेरा पुढे दीड महिना कपाटात पडून होता.

माझी एक मावसबहीण आहे, सतत घरं बदलत असते त्यामुळे जुनं सामान विकण्यात मुरलेली. तिला चॅट दाखवला तर ती हसलीच. म्हणाली, "तू त्याला उत्तर देत नाहीयेस, पॉइंट्स पुरवतेयस." हाच तो खड्डा, म्हणून जरा ताणून सांगते. घासाघीस करणाऱ्याला तुमची किंमत का बरोबर आहे हे ऐकायचंच नसतं. तो फक्त बघत असतो की तुम्ही हलताय का. आणि कारणं देणारा माणूस हलायच्या तयारीत असलेलाच दिसतो, कारण कारण म्हटलं की ते खोडता येतं आणि खोडलं की किंमत कमी व्हायला हवी, असं आपणच कबूल करून बसतो. वस्तूची माहिती जाहिरातीत द्या, हवी तेवढी भरभरून. किमतीच्या उत्तरात एकही कारण नको. "फार कमी वापरलाय" नको, "मलाच महाग पडलाय" नको, "घरी सगळे म्हणतात एवढ्याला देऊ नको" तर नकोच नको.

त्याला जोडून दुसरं म्हणजे त्याचा आकडा आपल्या मेसेजमध्ये लिहायचा नाही. मी "६० खूपच कमी होतात" लिहिलं तिथेच बोलणं ६० पासून सुरू झालं. माणसाचं डोकं असंच चालतं. १९७४ साली ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग मांडला होता: लोकांसमोर एक चक्र फिरवायचं, जे मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबायचं, आणि मग विचारायचं की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नाही, तरी १० बघितलेल्यांचा अंदाज मध्यावर २५ आला आणि ६५ बघितलेल्यांचा ४५. तिथे निदान चक्र तरी दुसऱ्याने फिरवलं होतं, मी तर त्याचा आकडा स्वतःच्या हाताने टाइप केला.

मग लिहायचं काय? आता मी हे पाठवते, जवळपास शब्दशः: "नमस्कार, विचारल्याबद्दल थँक्स. किंमत जाहिरातीत लिहिलीय तीच राहील. बघायला यायचं असेल तर शनिवारी ११ ते १ किंवा रविवारी संध्याकाळी ५ नंतर मी आहे, तुम्हाला कधी जमेल?" बस. यातला महत्त्वाचा भाग शेवटचा प्रश्न आहे. नुसतं "किंमत फिक्स आहे" लिहून थांबलात तर ते दार लावल्यासारखं वाटतं आणि समोरच्याला एकतर भांडावं लागतं नाहीतर निघून जावं लागतं. वेळ विचारलीत की त्याला बोलायला किमतीशिवाय दुसरं काहीतरी मिळतं, आणि ज्याला खरंच घ्यायचंय तो तिकडे वळतो. सगळे वळत नाहीत, त्याला इलाज नाही.

काही जण पुन्हा दामटतात. "थोडं तरी बघा ना", "स्टुडंट आहे", "दुसरीकडे कमी मिळतंय". तेव्हा दुसरा मेसेज: "तुमचं बजेट तेवढं असेल तर समजू शकते, काही हरकत नाही. माझी किंमत मात्र तीच आहे. रविवारपर्यंत विचार करून कळवा." वाक्यं बदलली तरी किमतीचं वाक्य तेच ठेवायचं, कंटाळवाणं वाटेल इतकं तेच. दुसरीकडे कमी मिळतंय म्हणाला तर "मग ते नक्की बघा, चांगलं असेल तर घ्या" म्हणायचं, आणि टोमणा मारल्यासारखं नाही, मनापासून. माझ्याकडे अशी गेलेली माणसं परत आलीत. तिथला कॅमेरा बघून आली, की तिथे काहीतरी गोची होतीच. तिसऱ्यांदा विचारलं तर मी उत्तर देत नाही, आणि त्याबद्दल कुणी मला उद्धट म्हटलं तरी चालेल.

एक शॉर्टकट सगळे सांगतात: आधीच किंमत २० टक्के वाढवून लाव आणि मग कमी करत ये, गिऱ्हाईकही खूश. मला हा सल्ला बिलकुल आवडत नाही. घासाघीस करायचीच असेल तर जरूर करा, पण मग "फिक्स" लिहू नका. आणि वाढीव किंमत बघून जी सरळ माणसं मेसेजच करत नाहीत, ज्यांना घासाघीस जमत नाही, ती तुम्हाला दिसतही नाहीत, दिसतात ते फक्त घासाघीसवाले. तसंच "अजून एक जण तयार आहे" ही थाप. मी मारली होती एकदा. तो म्हणाला, "मग त्यालाच द्या ना." आता काय बोलणार, दोन दिवसांनी मीच त्याला "अजून इंटरेस्ट आहे का?" विचारायला गेले तेव्हा किंमत कुणाच्या हातात होती ते सांगायला नको.

पण फिक्सचा हा ताठा तुम्हाला तेव्हाच शोभतो जेव्हा वस्तूतलं सगळं तुम्ही आधीच सांगितलेलं असतं. खरी परीक्षा समोरासमोर होते. तो कॅमेरा हातात घेतो, उलटासुलटा करतो, म्हणतो "इथे ओरखडा आहे." ओरखडा जाहिरातीच्या फोटोत असेल तर शांतपणे "हो, तिसऱ्या फोटोत आहे तोच, किंमत तो धरूनच लावलीय" म्हणा, विषय तिथेच मिटतो. नसेल तर मात्र तुमची चूक आहे, तिथे "फिक्स" म्हणून अडून बसू नका, स्वतःच वाजवी आकडा कमी करा नाहीतर त्याला हसतमुखाने जाऊ द्या. म्हणून जाहिरात टाकण्याआधी स्वतः घासाघीस करणारा होऊन वस्तू तपासायची: लेन्सच्या एका बाजूने टॉर्च मारून दुसरीकडून बघा, फंगस कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, रबर ग्रिप सुटलीय का, फ्लॅश वर येतो का, बॅटरी भरून ठेवली तर टिकते का. जे सापडेल त्याचा फोटो.

आणि उत्तरं एकदम गोड देऊनही दोन-तीन आठवडे सगळे फक्त निम्म्यालाच मागत असतील, तर प्रॉब्लेम तुमच्या मेसेजमध्ये नाही, किमतीत आहे. घाबरू नका, होतं असं, माझंही झालं. पण तेव्हा चॅटमध्ये एकेकाला कमी करत बसू नका. जाहिरातीतच किंमत बदला, सगळ्यांसाठी, आणि आधी विचारून गेलेल्यांना कळवा: "किंमत थोडी कमी केलीय, तुम्ही आधी विचारलं होतं म्हणून सांगतेय. आता हीच फिक्स." माझा तो कॅमेरा शेवटी असाच गेला, ९० ला, पहिल्याच आठवड्यात नीट बोलून गेलेल्या एका मुलीला. तिने तेव्हा फक्त "बजेटबाहेर आहे, थँक्स" एवढंच लिहिलं होतं. साठवाल्यालाही मी तोच मेसेज पाठवला होता, त्याने उत्तर दिलं नाही.

त्यानंतर मी ५० ची प्राइम लेन्स विकली, ठरल्या किमतीत. घेणारे काका एकदम गोड होते, चॅटमध्ये दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर मिळालं, तरी आले. सगळं तपासलं, पैसे मोजले, आणि मोजता मोजता म्हणाले, "वरचे सुट्टे तरी सोडा." इथे माझी पुन्हा सटकली असती, पण यासाठी मी एक गोष्ट आधीच बाजूला ठेवली होती, धूळ उडवायचा रबरी ब्लोअर, जाहिरातीत मुद्दाम लिहिला नव्हता. म्हटलं, "काका, पैसे पूर्णच घेते, पण हा घेऊन जा, लेन्सला लागेलच." त्यांनी ब्लोअर दोनदा दाबून बघितला, खिशात टाकला आणि सुट्ट्यांसकट पैसे माझ्या हातात दिले.