बटव्यामागचे नव्वद रुपये कुणाचे किती?

नाशिकमधल्या एका बचत गटाच्या ऑनलाइन ऑर्डरी मी सांभाळते. गटातल्या ताई पैठणीच्या काठांच्या उरलेल्या तुकड्यांचे बटवे शिवतात. असं काम नव्याने हाती घेणाऱ्यांनी विक्रीआधी वाटणी ठरवावी. भांडणं ऑर्डर नसल्यामुळे होत नाहीत, मोठी ऑर्डर आल्यावर होतात.

फोटोचं थोडक्यात सांगते. काठातल्या जरीचा रंग फ्लॅशमध्ये पांढरा पडतो, म्हणून सकाळी खिडकीजवळ, साध्या कापडावर बटवा ठेवून फोटो काढा. आतलं अस्तरही दाखवा आणि माप इंचांत लिहा. काठ यंत्रमागाचा असेल तर तसं स्पष्ट लिहा. येवल्याच्या हातमागाचं नाव त्याला लावू नका. प्रत्येक तुकडा वेगळा असतो, त्यामुळे पॅकिंगआधी गिऱ्हाइकाला त्याच्याच बटव्यांचा फोटो पाठवा. ‘रंग वेगळा आला’ ही तक्रार तिथेच थांबते.

आता वाटणी. समजा, लग्नासाठी 60 बटव्यांची ऑर्डर आहे, दर 150 रुपये. कापड, अस्तर, नाडी मिळून 45, पॅकिंगचे 5 आणि गटाच्या खात्याचे 10 गेले की बटव्यामागे मजुरीचे 90 उरतात. हे 90 गटातल्या बायकांमध्ये सारखे वाटले तर मशीनवर बसणारी नाराज होते, आणि सगळे शिलाईला दिले तर गोंडे करणारी. आम्ही दहा बटवे करताना घड्याळ लावलं आणि बैठकीत दर ठरवले: कटिंग 15, शिलाई 45, नाडी-गोंडे 20, तपासणी, पॅकिंग आणि फोनवर बोलणं मिळून 10. कटिंगला वेळेच्या मानाने थोडं जास्त दिलंय, कारण तिथे चुकलं की काठच वाया जातो. फोनवर बोलण्यालाही मजुरी आहे, हे सगळ्यांना पटवायला मात्र वेळ लागला.

शिलाईचे बटवे एकदम वाटू नका. तीन मशिनवाल्यांना आधी दहा-दहा द्या. जिचे तपासून जमा झाले, तिला पुढचे. प्रत्येक बटव्यात शिवणारीच्या क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. शिवण उसवली तर तो बटवा तिच्याकडेच परत जातो आणि दुरुस्त झाल्यावर पैसे मिळतात. कापडच विरलेलं निघालं तर तोटा गटाचा, शिवणारीचा नाही.

“माझ्या ओळखीचं गिऱ्हाईक आहे, सगळे मीच शिवते,” असं कुणी ना कुणी म्हणतंच. त्यावर आमच्याकडे वहीच दाखवतात: मागच्या ऑर्डरीत जिला सर्वांत कमी काम मिळालं, तिचं नाव या वेळी वर. निम्मी रक्कम आगाऊ, तीही थेट गटाच्या बँक खात्यात घेतो. उरलेली आली की पुढच्या बैठकीत हिशेब मोठ्याने वाचला जातो आणि सह्या होतात.